ज्येष्ठ परीक्षार्थींना जादा तास नको, मधली विश्रांती द्या

प्रति,
मा. कुलगुरू, परीक्षा विभागप्रमुख आणि अभ्यासकेंद्रांचे प्रमुख,
मुक्त व दूरशिक्षणातून पदवी देणारी सर्व विद्यापीठे

सप्रेम नमस्कार,

साठी ओलांडल्यावर अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला बसलेल्या विद्यार्थ्यांना नोट्स करून देणे, वेळापत्रक आखून देणे, सरावाचे पेपर तपासणे, हे काम आम्ही काहीजण करतो. हे पत्र त्या कामातून आले आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका आणि पेपरच्या मध्ये थोडी विश्रांती मागितली, तेव्हा एका परीक्षा विभागाने उत्तर दिले की दिव्यांग प्रमाणपत्र जोडल्यास प्रतितास २० मिनिटे जादा देता येतील, अन्यथा काही करता येणार नाही. उत्तर नियमाला धरून आहे आणि कोणी उद्धटपणेही दिलेले नाही. पण मागितले होते एक आणि समोर आले दुसरेच, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

ज्येष्ठ विद्यार्थ्याचा अभ्यास कसा चालतो हे आधी सांगितल्याशिवाय मागणीचा अर्थ लागणार नाही. एक नमुना घेऊ. समजा, ६८ वर्षांच्या एक बाई आहेत. बी.ए.चे शेवटचे तीन पेपर राहिले आहेत. एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्यात मोतीबिंदू सुरू झाला आहे. चष्म्यासह दूरचे बरेचसे नीट दिसते. प्रत्येक पेपर चार श्रेयांकांचा, अंतिम परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास, पाठ्यपुस्तक २४० पानांचे.

एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे एका पेपरला १२० तास. हे तास बाई कुठून आणणार? सलग दोन तास बसणे त्यांना जमत नाही, आणि त्यात आळस नाही. वाचताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. अर्ध्या तासाने ओळ निसटायला लागते आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचले जाते. एवढी खूण ओळखली की पुस्तक मिटावे, कारण त्यापुढचे वाचन डोक्यात जात नाही. म्हणून बैठक २५ मिनिटांची ठेवायची. पहिल्या २० मिनिटांत दोन पाने वाचायची, उरलेल्या पाच मिनिटांत पुस्तक झाकून कोऱ्या कागदावर आठवेल ते मुद्दे लिहायचे. मग दहा मिनिटे उठायचे, लांबवर बघायचे, पाणी प्यायचे. सकाळी अशा दोन बैठका, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी एक. आठवड्यातून सहा दिवस. सातवा दिवस दवाखाना, नातवंडे, पाहुणे यांच्यासाठी सोडून द्यायचा, नाहीतर ते उरलेल्या सहा दिवसांत घुसतात.

दिवसाला तीन बैठका म्हणजे सव्वा तास, आठवड्याला साडेसात तास. १२० तासांना १६ आठवडे लागतात. दोन-दोन पानांच्या १२० बैठकांत पुस्तकाचे पहिले वाचन होते, त्यात ५० तास जातात. नोट्स करायला २५, स्वाध्यायांना १५, उजळणीला २० आणि पेपर लिहिण्याच्या सरावाला १० तास उरतात. सहामाहीत २६ आठवडे असतात. १६ अभ्यासाचे, चार शेवटच्या उजळणीचे आणि सहा आजारपण, लग्नकार्य, गणपती-दिवाळीसाठी राखीव. हिशेब बसतो, पण एकाच पेपरचा. दोन पेपर घ्यायचे तर रोज चार बैठका कराव्या लागतात, २४ आठवडे अभ्यासातच जातात आणि राखीव दिवस उरतच नाहीत; एक व्हायरल ताप आला की सगळे कोसळते. म्हणून आमचा सल्ला ठाम असतो: एका परीक्षेला एकच पेपर. तीन पेपरना दीड वर्ष लागेल, लागू द्या.

उजळणीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे वेळापत्रकाच्या तक्रारीत ती लागणार आहे. उतारवयात नवीन गोष्ट डोक्यात जायला वेळ लागतो, पण अंतर ठेवून परत आठवली तर ती टिकते. आज वाचलेले उद्या, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी, पुस्तक न उघडता, आधी आठवून पाहायचे आणि मगच तपासायचे. एका रात्रीत सगळे पुस्तक पालथे घालण्याची विशीतली पद्धत इथे उलटते: सारख्या दिसणाऱ्या दोन प्रकरणांची सरमिसळ होते आणि दुसऱ्या दिवशी एकाचे मुद्दे दुसऱ्याच्या उत्तरात उतरतात. तपासताना हे लगेच कळते. विद्यार्थ्याने केलेले असते सगळे, फक्त चुकीच्या जागी लिहिलेले असते.

आता अक्षरांकडे येऊ. आमची पहिली तक्रार तुमच्या पाठ्यपुस्तकांबद्दल आहे.

वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते आणि नेत्रभिंग पिवळसर होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. त्यात देवनागरीची स्वतःची अडचण आहे. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. एका ओळीच्या उंचीत तीन मजले बसवायचे असतात. त्यामुळे तोच आकडा दिला तरी मराठीचे मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते. ११ पॉइंटच्या मराठी मजकुरात घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, ब आणि व यांत गोंधळ होतो, अनुस्वाराचा ठिपका कागदावरच्या डागासारखा दिसतो, आकड्यांत १ आणि ९ ची अदलाबदल होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने १८१८ चे १८९८ वाचले तर चूक त्याच्या स्मरणशक्तीची नसते.

यावर सगळे सुचवतात, झेरॉक्स मोठी करून घ्या. ए-४ चे पान ए-३ वर नेले की अक्षर १४१ टक्के होते, म्हणजे ११ पॉइंटचे सुमारे साडेपंधरा. मोठ्या अक्षरांच्या छपाईत सर्वसाधारणपणे १८ पॉइंट धरतात, मराठीला तर त्याहून कमी चालतच नाही. म्हणजे इतके करूनही आकार पुरत नाही, वर ३० सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर उंच कागद टेबलावर पसरावा लागतो आणि प्रत्येक ओळीला मान फिरवावी लागते. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळचा मजकूर काळवंडून येतो तो वेगळाच. झेरॉक्स तात्पुरता उपाय आहे, तो कायमचा समजू नये.

खरा उपाय मजकूर नव्याने मांडण्याचा आहे. ए-४ कागद, १८ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, चारी बाजूंना अडीच सेंटिमीटर समास, डावी कड सरळ आणि उजवी मोकळी. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधली अंतरे कमीजास्त होतात आणि थकलेली नजर त्या फटीत अडकते. महत्त्वाचे शब्द ठळक करावेत, अधोरेखित कधीच करू नयेत. अधोरेखा नेमकी उकारावरून जाते आणि ‘कुल’ व ‘कूल’ यांत फरक उरत नाही. फॉन्टही पारखून घ्यावा: कोकिला १८ वर ठेवले तरी मंगलपेक्षा बरेच लहान दिसते, म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता एक पान छापून ४० सेंटिमीटरवरून वाचून पाहावे. कागद पांढराशुभ्र चकचकीत नको, किंचित पिवळसर आणि न चमकणारा, ७५ ते ८० जीएसएमचा. छपाई एका बाजूलाच, म्हणजे मागची अक्षरे पुढे उमटत नाहीत आणि कोरी बाजू आठवून लिहायला कामी येते. स्पायरल बाइंडिंग करावे. वही टेबलावर सपाट राहते आणि दोन्ही हात मोकळे.

या मापाने एका पानावर साधारण २२० शब्द बसतात. २४० पानांच्या पुस्तकात पानी ३०० शब्द धरले तर ७२ हजार शब्द होतात, म्हणजे सगळे पुस्तक मोठे केले तर सव्वातीनशेच्या वर पाने. ते उचलणेही अवघड आणि उजळायला तर अशक्य. म्हणून नोट्स पुस्तकाच्या पाचव्या हिश्श्यात आणायच्या: १४,४०० शब्द, ६५ पाने. प्रत्येक प्रकरणाला सुरुवातीला तीन-चार प्रश्न, मग मुद्दे, सनावळी वेगळ्या चौकटीत, शेवटी एक रिकामे पान.

हे करताना आम्ही अडतो ते तुमच्या फाइलींपाशी. अनेक पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला येतो. काही पीडीएफ तर छापील पानांचे नुसते फोटो आहेत. पडद्यावर त्या मोठ्या करता येतात, पण मग अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. अक्षर मोठे झाले तरी ओळ आपोआप मोडून खाली येत नाही. म्हणून तोच मजकूर कोणाला तरी पुन्हा टाइप करावा लागतो, आणि असे श्रम प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी स्वतंत्रपणे चालू आहेत. मूळ मजकूर युनिकोडमध्ये दिला तर १२ चे १८ करायला एक मिनिट लागते. तुमच्याकडून एवढेच हवे आहे. वही आम्ही करू.

दुसरी तक्रार प्रश्नपत्रिकेची. घरी सहा महिने १८ पॉइंटवर वाचलेल्या माणसाच्या हातात परीक्षेच्या दिवशी १० किंवा ११ पॉइंटची, पाठपोट छापलेली, पातळ कागदाची प्रश्नपत्रिका येते. ‘खालीलपैकी कोणतेही चार’ ही सूचना तर त्याहून बारीक आणि तिरप्या अक्षरांत. ती निसटली की विद्यार्थी सहाच्या सहा प्रश्न सोडवत बसतो. त्यात वर्गातला दिवा छतावर आणि बाक खिडकीपासून लांब. घरी टेबललॅम्प निम्म्या अंतरावर आणला तर कागदावरचा उजेड जवळपास चौपट होतो. परीक्षेच्या वर्गात ही सोय नाही. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्याला उलट त्रासही होतो, समोरच्या खिडकीतून ऊन येत असेल तर तिरिप बसते आणि कागद धुरकट दिसतो. अशा माणसाची जागा खिडकीकडे पाठ किंवा बाजू राहील अशी हवी. याला पैसे लागत नाहीत, फक्त आदल्या दिवशी कोणीतरी बाक पाहून ठेवायला हवा.

चष्म्याचा मुद्दा आमच्याच लोकांसाठी आहे, पण पर्यवेक्षकांनीही तो समजून घ्यावा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे वाचायची जागा भिंगाच्या तळाशी आणि अरुंद असते. तीन तास मान वर करून लिहिले की मान आखडते. परीक्षेसाठी फक्त जवळचा चष्मा बरा. अडीच नंबरचे भिंग ४० सेंटिमीटरवर नेमके बसते, आणि टेबलावरच्या कागदाचे अंतर तेवढेच असते. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलेल्यांना तर तो बहुधा लागतोच. मात्र त्या चष्म्यातून भिंतीवरचे घड्याळ दिसत नाही. म्हणून अशी माणसे मोठ्या आकड्यांचे साधे मनगटी घड्याळ आणतात, आणि ते स्मार्ट घड्याळांबरोबर दाराशीच काढून घेतले जाते. साधे काट्याचे घड्याळ राहू द्या, नाहीतर दर अर्ध्या तासाला वेळ मोठ्याने सांगा. दुसऱ्या चष्म्याची केसही झडतीत अडकवू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुळात लिहिले, ती: तीन तासांची सलग बैठक.

जे नियम आहेत ते आम्ही वाचले आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात ४० टक्के किंवा अधिक ही ठळक दिव्यांगत्वाची रेषा आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा परीक्षार्थींना लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा दिली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ४० टक्क्यांची रेषा ओलांडली नाही म्हणून लिहिण्याची अडचण असलेल्याला लेखनिक नाकारता येणार नाही, त्याला वाजवी सोय मिळाली पाहिजे. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ च्या सूचना आल्या, त्यांनी ४० टक्क्यांखालच्यांनाही वैद्यकीय प्रमाणपत्रावर ही सोय दिली. हे सगळे चांगले झाले आहे आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्या हक्काला धक्का लागावा असे आमचे एक अक्षरही नाही.

पण आमच्या नमुन्यातल्या बाई यात कुठेच बसत नाहीत. चष्म्यासह बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा चांगली असेल तर कायद्याच्या व्याख्येतली अल्पदृष्टी लागू होत नाही, आणि नेत्रतपासणीच्या खोलीत उजेडात लावलेल्या तक्त्यावरची नजर त्यांची चांगलीच आहे. हाताला नाव असलेला आजार नाही. हात ६८ वर्षांचा आहे, इतकेच. रक्तदाबाच्या गोळीमुळे दीड-दोन तासांनी लघवीला जावे लागते. यातल्या कशाचेच प्रमाणपत्र मिळत नाही.

आणि समजा मिळाले, तर काय हाती येते? तीन तासांचे चार तास. लिखाणाला वेळ वाढतो खरा, पण थकणारा माणूस आता चार तास सलग बसतो. हे मोजून पाहता येते, आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याकडून ते करून घेतो. माहीत असलेल्या विषयावर घड्याळ लावून लिहायला बसवायचे आणि दर दहा मिनिटांनी समासात रेघ मारायची. मग शब्द मोजायचे. नमुन्यादाखल आकडे घ्या: पहिल्या दहा मिनिटांत ११० शब्द, चौथ्या दहांत ९०, नवव्यात ७०. अक्षर मोठे आणि वाकडे होते, काने सुटतात, ओळ खाली उतरते. आता वीस मिनिटे उठू द्या, हात कोमट पाण्यात बुडवू द्या आणि पुन्हा लिहायला लावा. आकडा शंभराच्या आसपास परत येतो की नाही ते पाहा. येत असेल तर त्या माणसाची अडचण थकव्याची आहे आणि जादा तासाने ती सुटणार नाही. येत नसेल तर हाताची तपासणी हवी, कदाचित लेखनिकही. ही साधी चाचणी दोन्हींत फरक करते.

पेपरचे गणित यावरूनच मांडतात. ८० गुण, १६ गुणांची पाच उत्तरे, प्रत्येकी ४०० शब्द म्हणजे २००० शब्द. मिनिटाला नऊ शब्दांच्या सरासरीने त्याला २२२ मिनिटे लागतात, हाती आहेत १८०. म्हणून आम्ही उत्तर ३०० शब्दांचे बांधायला शिकवतो: दोन ओळींची सुरुवात, पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक उदाहरण, शेवट एका वाक्यात. १५०० शब्दांना १६७ मिनिटे. प्रश्न वाचायला, निवडायला आणि तपासायला उरतात १३. इतक्या काठावर बसवलेले गणित पाणी प्यायला गेल्यानेही मोडते, कारण बाहेर गेलेला वेळ विद्यार्थ्याच्या खात्यातून जातो.

तेव्हा आम्ही काय मागतो ते नीट ऐका. साठ वर्षे पूर्ण झालेल्या ज्या परीक्षार्थीने अर्जात तसा पर्याय निवडला असेल, त्याचा पेपर दोन भागांत घ्या. पहिला भाग ४० गुणांचा, ९० मिनिटे. त्याची उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका दोन्ही जमा करून घ्या. मग ३० मिनिटे विश्रांती, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली, त्याच इमारतीत. मग दुसऱ्या भागाचे वेगळे सीलबंद पाकीट फोडा, वेगळी उत्तरपत्रिका द्या, ९० मिनिटे. लिहायचा वेळ सगळ्यांइतकाच, तीन तास.

गोपनीयतेची शंका येईल, म्हणून सांगतो. पहिला भाग जमा झालेला असतो, दुसरा कोणी पाहिलेला नसतो. मधल्या वेळात पुस्तक उघडून उपयोग काय होईल? फारतर दुसऱ्या भागाची उजळणी, म्हणून नोट्स दप्तरासह बाहेरच राहतील. मोबाइलही बंद. सर्वांची तीन तासांची वेळ संपल्यावर मात्र हे परीक्षार्थी अर्धा तास आत असतील, म्हणून पेपर सुटल्यावर बाहेर पडलेल्यांशी त्यांची गाठ पडणार नाही अशी वेगळी खोली हवी. ही खोली केंद्रांकडे आहे: ज्यांना प्रमाणपत्रावर जादा वेळ मिळतो ते त्याच खोलीत चार तास बसतात. आमचे लोक साडेतीन तासांत उठतील. नवा पर्यवेक्षक लागत नाही. कोणी वय खोटे सांगेल ही भीती असेल तर जन्मतारीख प्रवेशाच्या वेळीच तुमच्याकडे नोंदलेली आहे. आणि साठ ही रेषा आम्ही मनाने काढलेली नाही, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात तीच आहे.

एक खरी अडचण आहे ती लपवत नाही. प्रश्नपत्रिका दोन समान भागांत मोडता आली पाहिजे, ‘कोणतेही पाच’ असा पर्याय संपूर्ण पेपरभर पसरलेला असेल तर ती मोडत नाही. त्यासाठी प्रश्नपत्रिकेचा साचाच विभाग अ आणि विभाग ब असा ठेवावा लागेल आणि पर्याय त्या त्या विभागात द्यावे लागतील. हे काम अभ्यासमंडळाचे आहे आणि त्याला एक सत्र लागेल. तोवर दुसरी तडजोड चालेल: ३० मिनिटांपर्यंत घड्याळ थांबवून बाहेर जाऊ द्या, पर्यवेक्षकाने जाण्या-येण्याची वेळ उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर लिहून सही करावी आणि तेवढा वेळ शेवटी परत द्यावा. सोबत पर्यवेक्षक हवाच, कारण यात प्रश्न पाहिलेले असतात.

मोठ्या अक्षरांच्या प्रश्नपत्रिकेसाठी अर्जात एक चौकोन पुरे: ‘१८ पॉइंट हवी’. कोणतेही प्रमाणपत्र मागू नका, मोठे अक्षर कोणालाच जास्त गुण मिळवून देत नाही. जिथे प्रश्नपत्रिका केंद्रावर ऑनलाइन येऊन छापली जाते, तिथे दुसरी फाइल सोबत पाठवली की झाले. जिथे छापून येते तिथे केंद्रागणिक वेगळे पाकीट. एका बाजूला छपाई आणि सूचना ठळक अक्षरांत, ‘चार’ हा शब्द तर अक्षरी आणि आकड्यात दोन्ही.

वेळापत्रकाचे थोडक्यात. ६५ पानांच्या नोट्सची शेवटची उजळणी, बैठकीला आठ पाने या वेगाने, नऊ बैठकांची म्हणजे तीन दिवसांची असते. लागोपाठ दिवशी पेपर ठेवले की दोन पेपर घेतलेल्याची ती बुडते आणि मघाशी सांगितलेली सरमिसळ होते. ज्येष्ठांनी घेतलेल्या विषयांच्या जोड्या तुमच्या संगणकात आहेतच, त्यांत किमान तीन दिवसांचे अंतर ठेवा. वेळापत्रक परीक्षेच्या आठ दिवस आधी नको, सहा आठवडे आधी द्या. चार आठवड्यांची उजळणी त्यावरच आखलेली असते. पेपरची वेळ ऐन दुपारी दोनची नको, सकाळी अकराची द्या. मधुमेही परीक्षार्थीला बाकावर चार बिस्किटे आणि साखरेची पुडी ठेवू द्या. घाम, थरथर आणि अक्षर एकदम बिघडणे ही साखर उतरल्याची खूण आहे, आणि तेव्हा परवानगी मागत बसायला वेळ नसतो. खोली तळमजल्यावर, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर.

शेवटची मागणी मुदतीची. एका वेळी एक पेपर हा आमचा वेग आम्ही हिशेबाने ठरवला आहे, आणि तुमचे नियम त्याला दोन ठिकाणी आडवे येतात. काही ठिकाणी वर्षाचे सगळे पेपर एकत्रच भरावे लागतात आणि शुल्कही एकगठ्ठा घेतले जाते; जो पेपर देणारच नाही त्याचे पैसे निवृत्तिवेतनातून का जावेत? शुल्क पेपरागणिक घ्या. दुसरे, तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पुरी करायची अशी कमाल मुदत असते. वर्षाला दोन पेपर या गतीने १२ पेपर होतात, आणि पदवीला त्याहून पुष्कळ जास्त लागतात. श्रेयांक पेढीच्या २०२१ च्या नियमांत जमा श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. निदान साठीपुढच्यांना तेवढी मुदत द्या, आणि शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयात राहणे यामुळे बुडालेले सत्र त्यात मोजू नका. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नवा चष्मा मिळेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. तेवढ्यात आमच्या वेळापत्रकातले राखीव आठवडे सगळे संपतात.

मोठ्या अक्षरांचा चौकोन, बाकाची जागा, घड्याळ, बिस्किटे, घड्याळ थांबवून विश्रांती, हे पुढच्याच परीक्षेला एका परिपत्रकाने होऊ शकते. युनिकोड मजकूर आणि दोन भागांचा पेपर यांना एक वर्ष घ्या, पण तारीख जाहीर करा. शुल्क आणि मुदत हे विषय पुढच्या विद्यापरिषदेसमोर ठेवा आणि काय ठरले ते लेखी कळवा. नोट्सचा आमचा साचा, शब्दमोजणीची चाचणी आणि दोन भागांच्या प्रश्नपत्रिकेचा नमुना तयार आहे. तुम्ही बोलवाल त्या दिवशी घेऊन येऊ.

आपले,
ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला साहाय्य करणारे काही स्वयंसेवक